व्होल्टेज करंटच्या वर्गाने वाढतं तेव्हा: एकसर सर्किटमधला करंट काढण्याची रीत

प्रश्न दिसायला साधा असतो. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्याशी एकसर जोडलेला एक साधा रेझिस्टर, आणि त्याच वाटेत असा एक घटक, ज्याच्यावरचं व्होल्टेज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सर्किटमधला करंट किती?

नाशिकला कॉलेज रोडवर मी बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. या प्रश्नाच्या वह्या तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. वर्गसमीकरण सगळ्यांना सोडवता येतं, त्यामुळे अडचण गणिताची नाही. ओहमच्या नियमाने हाताला एक सवय लागलेली असते: आधी एकूण रोध काढायचा, मग व्होल्टेजला त्याने भागायचं. इथे ती सवय पहिल्याच पायरीवर अडते, कारण या घटकाचा रोध करंटवर अवलंबून असतो आणि करंट तर आपल्याला अजून काढायचाच आहे. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. शेवटपर्यंत एकच उदाहरण घेते, म्हणजे आकडे ओळखीचे राहतील.

## तयारी: नियम नीट वाचा आणि एककं जुळवा

घटकाचा नियम असा आहे:

```
V = a I²
```

वाचताना पहिली खात्री ही करायची की वर्ग कोणाचा आहे. व्होल्टेज करंटच्या वर्गाने वाढतं, की करंट व्होल्टेजच्या वर्गाने? दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारले जातात आणि घाईत ते एकसारखेच वाटतात. पहिल्या प्रकारात करंट वाढेल तसा घटक जास्त अडवतो. दुसऱ्या प्रकारात करंट वाढेल तसा तो कमी अडवतो. इथे आपण पहिलाच घेतला आहे.

दुसरी खात्री `a` च्या एककाची. `a` हा रोध नाही, त्याचं एकक ओहम नाही. व्होल्टेजला करंटच्या वर्गाने भागल्यावर जे उरतं ते त्याचं एकक, म्हणजे व्होल्ट प्रति अँपिअर वर्ग. कित्येक वह्यांत `a = 2 Ω` असं लिहिलेलं असतं आणि पुढच्या ओळीत तो सरळ ५ ओहममध्ये मिळवून ७ ओहम केलेला असतो. तिथून पुढचं सगळं वाया जातं.

करंट मिलिअँपिअरमध्ये दिला असेल तर जास्त काळजी घ्यावी लागते, कारण एककाचाही वर्ग होतो. ०.०२ व्होल्ट प्रति मिलिअँपिअर वर्ग याचे व्होल्ट प्रति अँपिअर वर्ग करायचे तर १००० ने नाही, १००० च्या वर्गाने म्हणजे दहा लाखांनी गुणावं लागतं. उत्तर २०,००० येतं. माझा सल्ला असा की हे रूपांतर करूच नये. करंट मिलिअँपिअरमध्ये ठेवा आणि रोध किलोओहममध्ये घ्या. किलोओहम गुणिले मिलिअँपिअर म्हणजे व्होल्टच, आणि `a` आहे तसा वापरता येतो. याचं उदाहरण पुढे येईल.

## टप्पा १: साधे रोध आधी एकत्र करा

आपलं उदाहरण असं आहे: बॅटरी १२ व्होल्टची, तिचा अंतर्गत रोध ०.५ ओहम, बाहेर ४.५ ओहमचा रेझिस्टर, आणि वेगळ्या घटकासाठी `a` = २ व्होल्ट प्रति अँपिअर वर्ग.

ओहमचा नियम पाळणारे जेवढे रोध वाटेत आहेत तेवढे सगळे बेरजेने एकत्र करता येतात. इथे ०.५ आणि ४.५ मिळून `R` = ५ ओहम. अंतर्गत रोध विसरणं ही नेहमीची चूक आहे. प्रत्यक्ष मांडणीत अँमीटरचा रोधही याच बेरजेत धरायचा असतो. वेगळा घटक मात्र या बेरजेत येत नाही, तो बाजूला ठेवायचा.

ताळा: या टप्प्याच्या शेवटी वहीत तीनच राशी असाव्यात: `E` = १२ व्होल्ट, `R` = ५ ओहम, `a` = २. "एकूण रोध" अशी चौथी राशी लिहिली गेली असेल तर ती खोडा.

## टप्पा २: करंटची दिशा ठरवा

साध्या सर्किटमध्ये दिशा चुकीची धरली तरी बिघडत नाही, उत्तर ऋण येतं आणि आपण समजून घेतो. इथे तसं होत नाही. कारण `I²` ला दिशा कळत नाही. करंट उलटा केला तरी वर्ग धनच राहतो. खऱ्या घटकावर मात्र करंट उलटला की व्होल्टेजही उलटतं, तो दोन्ही दिशांनी अडवतोच. म्हणजे `V = aI²` हे लिखाण फक्त `I` धन असताना खरं आहे. दोन्ही दिशांना चालणारा नियम असा लिहावा लागतो:

```
V = a I |I|
```

तेव्हा रीत अशी. वाटेत एकच बॅटरी असेल तर तिच्या धन टोकातून बाहेर पडणारी दिशा धरा. दोन बॅटऱ्या एकमेकींच्या विरुद्ध असतील तर आधी वजाबाकी करून उरलेलं व्होल्टेज काढा आणि जी जड ठरेल तिची दिशा धरा. असं केलं की `E` नेहमी धन राहतो आणि `I` सुद्धा धनच यायला हवा.

दिशा चुकीची धरली तर काय होतं ते आकड्यांनी पाहा. आपल्याच सर्किटमध्ये उलटी दिशा धरली तर `E` = −१२ होतो आणि समीकरण बनतं:

```
2I² + 5I + 12 = 0
विवेचक = 25 − 96 = −71
```

कॅल्क्युलेटर चूक दाखवतो आणि काही मुलं "करंट वाहत नाही" असं लिहून मोकळी होतात. बॅटरी जोडलेली आहे, वाट पूर्ण आहे, तेव्हा करंट वाहणारच. चूक समीकरणाच्या मांडणीत आहे.

ही चूक निदान दिसते तरी. `E` लहान असेल तर ती दिसतही नाही. समजा विरुद्ध जोडलेल्या बॅटऱ्यांमधून फक्त २ व्होल्ट उरले आणि दिशा उलटी धरली गेली:

```
2I² + 5I + 2 = 0
I = (−5 ± 3)/4  =  −0.5  किंवा  −2
```

विवेचक धन, उत्तरं गुळगुळीत, आणि ऋण चिन्हाचा अर्थ "दिशा उलटी आहे" असा लावून मुलं ०.५ अँपिअर लिहितात. खरं उत्तर येतं `2I² + 5I − 2 = 0` यातून, आणि ते सुमारे ०.३५ अँपिअर आहे. दिशा चुकल्यावर फक्त चिन्ह नाही, आकडाच बदलतो.

सावध: या प्रकारच्या गणितात ऋण करंट आला तर चिन्ह बदलून पुढे जाऊ नका. टप्पा २ ला परत या.

## टप्पा ३: उत्तर कुठे येईल याचा अंदाज आधी बांधा

समीकरण सोडवण्याआधी दोन सोपे आकडे काढा. वेगळा घटक नसताच तर करंट `E/R` असता, म्हणजे १२ भागिले ५ = २.४ अँपिअर. साधा रोध नसता तर करंट `√(E/a)` असता, म्हणजे ६ चं वर्गमूळ, सुमारे २.४५ अँपिअर. प्रत्यक्षात दोघंही अडवत आहेत, तेव्हा उत्तर या दोन्हींपेक्षा कमी असलंच पाहिजे.

किती कमी, तेही सांगता येतं. या दोन आकड्यांतला लहान आकडा घ्या. खरा करंट त्याच्या ०.६१८ पटीपेक्षा खाली कधीच जात नाही. कारण असं: दोन्ही आकडे नेमके सारखे आले, म्हणजे दोन्ही अडथळे तुल्यबळ असले, तेव्हा करंट सगळ्यात जास्त दबतो. त्या स्थितीत त्या आकड्याशी करंटचं गुणोत्तर `x` धरलं तर समीकरण `x² + x = 1` एवढंच उरतं आणि त्याचं धन मूळ ०.६१८ आहे. एक अडथळा दुसऱ्यापेक्षा दुबळा असेल तर करंट लहान आकड्याच्या आणखी जवळ सरकतो.

आपल्या उदाहरणात लहान आकडा २.४. त्याच्या ०.६१८ पट म्हणजे सुमारे १.४८. म्हणून उत्तर १.४८ आणि २.४ अँपिअर यांच्या मध्ये हवं. हा पट्टा समासात लिहून ठेवा.

## टप्पा ४: समीकरण मांडा आणि सोडवा

एकसर जोडणीत करंट सगळीकडे सारखा आणि व्होल्टेजची बेरीज बॅटरीएवढी. किरचॉफच्या या नियमाला इथे कसलाही धोका नाही, घटक कसाही असला तरी तो लागू पडतो.

```
a I² + R I = E
2I² + 5I − 12 = 0
I = [−R + √(R² + 4aE)] / (2a)
  = [−5 + √(25 + 96)] / 4
  = (−5 + 11) / 4
  = 1.5
```

करंट १.५ अँपिअर. पट्ट्यात बसतो, आणि खालच्या टोकाच्या जवळ आहे. तसंच व्हायला हवं होतं, कारण २.४ आणि २.४५ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे होते.

इथे `4aE` ला धन चिन्ह का, हे अनेकांना अडतं. `E` उजवीकडून डावीकडे आणल्यावर स्थिर पद −१२ होतं, आणि वजा चार गुणिले वजा बारा म्हणजे धन. स्थिर पदाचं चिन्ह न बदलता सूत्र वापरलं की विवेचक ऋण येतो. तो ऋण आला तर दिशा तपासण्याआधी हे चिन्ह तपासा.

`a` खूप लहान असेल तेव्हा या सूत्रात एक खड्डा आहे. समजा `R` = १००० ओहम, `a` = ०.०२ व्होल्ट प्रति अँपिअर वर्ग, `E` = १२. मग वर्गमूळाखाली १०,००,०००.९६ येतात आणि वर्गमूळ सुमारे १०००.०००४८. कोणी ते दोन दशांश स्थळांपर्यंत गोळा केलं तर १०००.०० − १००० = ०, आणि करंट शून्य. अशा वेळी तेच सूत्र या रूपात वापरा:

```
I = 2E / [R + √(R² + 4aE)]
```

यात वजाबाकी नाही, त्यामुळे गोळा केलेल्या वर्गमूळानेही उत्तर ०.०१२ अँपिअर बरोबर येतं. मी तर मुलांना हेच रूप आधी शिकवते. ते `a` शून्य असतानाही चालतं आणि सरळ `E/R` देतं. पहिलं रूप तिथे शून्याने भागायला लावतं.

## टप्पा ५: दुसरं मूळ का टाकायचं

वर्गसमीकरणाला दोन मुळं असतात. इथे दुसरं मूळ आहे −४. बहुतेक जण "करंट ऋण नसतो" एवढं लिहून ते टाकतात. मूळ टाकलं ते योग्य, पण दिलेलं कारण खोटं आहे. करंट ऋण असू शकतो, ऋण म्हणजे धरलेल्या दिशेच्या उलट.

अंबडच्या कारखान्यात दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या डिप्लोमाच्या एका मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, मी −४ टाकून ताळा केला. तरी बेरीज बाराच येते. मग हे चूक कसं?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. पाहा:

```
I = 1.5 :   5(1.5) + 2(1.5)²  =   7.5 + 4.5  = 12
I = −4  :   5(−4)  + 2(−4)²   =  −20 + 32   = 12
```

दोन्हींचा ताळा जमतो. जमणारच, कारण दोन्ही त्याच समीकरणाची मुळं आहेत. म्हणजे व्होल्टेजची बेरीज करून पाहणं हा ताळा इथे मुळांमधली निवड करू शकत नाही. ज्याचा त्यावरच भरवसा आहे, त्याला चुकीचं मूळ धरूनही समाधान मिळेल.

निवड करायची ती घटकाच्या स्वभावावरून. रेझिस्टर, साधा असो वा वेगळा, ऊर्जा खातो, देत नाही. −४ अँपिअर धरला तर वेगळ्या घटकावर ३२ व्होल्ट, आणि त्याची पॉवर ३२ गुणिले −४ म्हणजे −१२८ वॅट. अर्थ असा की तो घटक सर्किटला १२८ वॅट पुरवतो आहे, आणि त्यातला काही भाग घेऊन बॅटरी चार्ज होते आहे. त्याच्यात ऊर्जा आली कुठून? म्हणून हे मूळ घटकाच्या नियमात बसत नाही. `V = aI|I|` हे पूर्ण रूप वापरलं की तेच दिसतं: −४ टाकल्यावर −२० − ३२ = −५२ येतं, १२ नाही. हे मूळ फक्त आपण नियम अर्धवट लिहिला म्हणून उगवलं होतं.

उत्तरपत्रिकेत एक ओळ पुरते: "ऋण मूळ घेतल्यास रोध ऊर्जा पुरवतो असं निघतं, म्हणून ते अग्राह्य."

## टप्पा ६: पॉवरचा ताळा

आता उरलेला ताळा करा.

```
बॅटरी देते        : 12 × 1.5    = 18 W
साधे रोध घेतात    : 5 × 1.5²    = 11.25 W
वेगळा घटक घेतो    : 4.5 × 1.5   = 6.75 W
बेरीज             :               18 W
```

इथे बेरीज जमते की नाही यापेक्षा प्रत्येक ओळीचं चिन्ह महत्त्वाचं. रोधांच्या दोन्ही ओळी धन असल्या पाहिजेत. एखादी ऋण निघाली तर चुकीचं मूळ उचललं गेलं आहे.

सावध: वेगळ्या घटकाची पॉवर `I²R` ने काढू नका. त्याचा नियम `V = aI²`, म्हणून पॉवर `aI³`. इथे २ गुणिले ३.३७५ = ६.७५ वॅट.

## बॅटरी बदलली की सगळं पुन्हा करा

१२ व्होल्टला १.५ अँपिअर, तर २४ व्होल्टला ३ अँपिअर? सगळ्यात जास्त गुण इथे जातात.

```
2I² + 5I − 24 = 0
I = (−5 + √217) / 4 = (−5 + 14.731) / 4 ≈ 2.433
```

करंट दुप्पट झाला नाही, सुमारे १.६२ पट झाला. लक्षात घ्या की चुकीचे ३ अँपिअर टप्पा ३ च्या पट्ट्यात बसतात. २४ व्होल्टला तो पट्टा सुमारे २.१४ ते ३.४६ असा येतो. त्यामुळे पट्टा मोठ्या चुका पकडतो, ही पकडत नाही. ही पकडायला किंमत समीकरणातच घालावी लागते: ५ गुणिले ३ अधिक २ गुणिले ९ म्हणजे ३३, २४ नाही.

तीच चूक वेगळ्या वेशातही येते. १.५ अँपिअरला घटकावर ४.५ व्होल्ट आहेत, म्हणजे त्याचा रोध ३ ओहम. हे खरं आहे, पण फक्त १.५ अँपिअरला. हा ३ ओहम धरून २४ ला ८ ने भागलं की पुन्हा ते ३ अँपिअरच येतात. २.४३३ अँपिअरला त्याच घटकाचा रोध ४.८७ ओहमच्या आसपास असतो. दोन बॅटऱ्यांचा वेगवेगळा करंट काढून बेरीज करण्याची रीतही याच कारणाने चालत नाही. बॅटऱ्यांची व्होल्टेज आधी मिळवा, करंट शेवटी एकदाच काढा.

मात्र बदल अगदी लहान असेल तर पुन्हा समीकरण सोडवायची गरज नसते. बॅटरी १२ वरून १२.१ व्होल्ट झाली, करंट कितीने वाढेल? इथे घटकाचा ३ ओहम हा रोध घ्यायचा नाही, त्याच्या वक्राचा त्या जागचा चढ घ्यायचा. तो चढ `2aI`, म्हणजे ६ ओहम, बरोबर दुप्पट. मग ०.१ भागिले (५ + ६) = सुमारे ०.००९१ अँपिअर. पूर्ण समीकरण सोडवून पाहिलं तर करंट १.५०९१ येतो. ३ ओहम धरून ०.०१२५ ची वाढ निघाली असती, जी खूपच जास्त आहे. एकूण व्होल्टेज आणि एकूण करंट यांच्या संबंधाला ३, लहान बदलांच्या संबंधाला ६. यांची अदलाबदल करू नका.

## आलेखाने काढायचं असेल तर

घटकाचा नियम सूत्राने न देता वाचनांच्या तक्त्याने दिलेला असतो तेव्हा हीच रीत उपयोगी. आडव्या अक्षावर घटकावरचं व्होल्टेज, उभ्या अक्षावर करंट घ्या. वक्रासाठी हे बिंदू पुरतात: ०.५ अँपिअरला ०.५ व्होल्ट, १ ला २, १.५ ला ४.५, २ ला ८, आणि २.४ ला ११.५२.

आता बाकीच्या सर्किटची रेषा. करंट शून्य असेल तेव्हा घटकावर पूर्ण १२ व्होल्ट, तो एक बिंदू. घटकावर शून्य व्होल्ट असेल तेव्हा करंट २.४ अँपिअर, तो दुसरा. दोन्ही जोडले की उतरती रेषा मिळते. ती वक्राला ४.५ व्होल्ट, १.५ अँपिअर इथे छेदते.

सावध: ५ ओहमची रेषा आरंभबिंदूतून चढती काढू नका. तीही वक्राला छेदते, १२.५ व्होल्ट आणि २.५ अँपिअरला, आणि छेदबिंदू दिसला की तेच उत्तर वाटतं. पण त्या बिंदूत दोन्ही घटकांवरचं व्होल्टेज सारखं आहे, बेरीज १२ नाही. आडव्या अक्षावरची वाचनं समान न करता त्यांची बेरीज करायची आहे, हे उतरती रेषाच आपोआप सांभाळते.

## पुन्हा पुन्हा मोजून काढायचं असेल तर

काही जण एक करंट मनाशी धरतात, त्यावरून घटकाचा रोध `aI` काढतात, मग नवा करंट `E/(R + aI)`, आणि असंच पुढे. २.४ पासून सुरुवात केली तर १.२२४, १.६११, १.४६०, १.५१५, १.४९४, १.५०२ असे आकडे येतात. ते खऱ्या उत्तराच्या वर-खाली झुलत जवळ येतात. चूक एका फेरीतच थांबण्याची असते: १.२२४ ला थांबलेल्या वह्या मी दरवर्षी पाहते.

साधा रोध `R` लहान असला की ही रीत रेंगाळते, आणि `R` शून्य असेल तर कधीच जुळत नाही. `E` = १२, `a` = २ धरून १ अँपिअरपासून सुरुवात करा: ६, मग १, मग पुन्हा ६, असंच चालू राहतं. त्यापेक्षा हे सूत्र वापरा:

```
नवा I = (E + a I²) / (R + 2aI)
```

२.४ पासून हे १.६११, मग १.५०२, मग १.५०० देतं. तीन फेऱ्यांत काम होतं.

## मिलिअँपिअरचं उदाहरण

बॅटरी १२ व्होल्ट, `R` = १ किलोओहम, `a` = ०.०२ व्होल्ट प्रति मिलिअँपिअर वर्ग. करंट मिलिअँपिअरमध्येच ठेवा.

```
0.02 I² + 1·I − 12 = 0
I = 2(12) / [1 + √(1 + 0.96)] = 24 / 2.4 = 10
```

करंट १० मिलिअँपिअर, साध्या रोधावर १० व्होल्ट आणि घटकावर २ व्होल्ट. पट्टा ७.४ ते १२ मिलिअँपिअर, उत्तर आत बसतं.

आता चुकीचं रूपांतर करणारा काय लिहितो? `a` ला १००० ने गुणून २० व्होल्ट प्रति अँपिअर वर्ग, `R` = १०००. करंट ११.९९७ मिलिअँपिअर येतो. हाही पट्ट्यात आहे. पण घटकावरचं व्होल्टेज काढलं की चूक उघडी पडते: जेमतेम ३ मिलिव्होल्ट. प्रश्नात मुद्दाम दिलेला घटक जर जवळपास काहीच करत नसेल, करंट जर `E/R` लाच चिकटून असेल, तर आधी एककं तपासा.

## प्रत्यक्ष घटकावर करताना

वाचनांवरून `a` काढायचा असेल तर एकाच वाचनावर भागू नये. निदान पाच वाचनं घ्या आणि प्रत्येकासाठी व्होल्टेज भागिले करंटचा वर्ग काढा. सगळे आकडे जवळपास सारखे आले तरच हा नियम त्या घटकाला लागू आहे. करंट वाढेल तसा भागाकार एकाच दिशेने सरकत गेला तर नियम वेगळा आहे, आणि वरचं सूत्र वापरून आलेलं उत्तर कितीही नेटकं दिसलं तरी खोटं आहे.

हाताशी असणारा घटक बहुतेक वेळा गाडीच्या दिव्याचा टंगस्टन बल्ब असतो. तार तापते तसा तिचा रोध वाढतो, म्हणून वक्र साधारण असाच वाकतो, पण नेमका वर्ग नसतो. प्रकाशमान बल्बसाठी घात २ पेक्षा थोडा कमी येतो. शिवाय `V = aI²` म्हणतं की करंट शून्याकडे गेला की रोधही शून्याकडे जातो. थंड बल्बचा रोध शून्य नसतो, मल्टिमीटरवर तो सरळ वाचता येतो. म्हणून कमी करंटला हा नियम बल्बला लावू नका. तिथे `V = bI + aI²` हे रूप जास्त जवळचं ठरतं, आणि त्याला नवी रीत लागत नाही. `b` हा ओहममधला साधा रोध आहे. तो टप्पा १ मध्ये `R` मध्ये मिळवा आणि पुढचं सगळं जसंच्या तसं करा. फक्त बल्बवरचं एकूण व्होल्टेज सांगताना `bI` चा भाग परत त्याच्याकडे मोजायचा.

वाचन घेताना प्रत्येक वेळी करंट बदलल्यावर तारेचं तापमान स्थिर व्हायला वेळ द्या. काटा किंवा आकडा सरकायचा थांबला की मगच नोंद करा. चढत्या क्रमाने घेतलेली वाचनं आणि उतरत्या क्रमाने घेतलेली वाचनं जुळत नसतील, तर तुम्ही घाई करता आहात.